काचेच्या शेगडीवरची फोडणी

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत घरून तीन गोष्टी हमखास भरल्या जातात: तुरीची डाळ, तूप आणि ताजा कढीपत्ता. डाळ म्हणजे निव्वळ वजन. उरलेल्या दोन गोष्टी कस्टममध्येच राहू शकतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, चक्का सगळे त्यात आले. ताजी पानं आणि भाज्या न्यायच्या तर त्यांच्यासोबत रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि असा दाखला घेऊन कढीपत्त्याची जुडी नेणारा विद्यार्थी अजून कुणी पाहिलेला नाही.

त्यापेक्षा त्या जागेत हिंगाची डबी, पाव किलो गोडा मसाला आणि काळ्या मोहरीचं एक पाकीट ठेवावं. हे तिन्ही मिळून अर्धा किलो भरत नाहीत आणि वर्षभर पुरतात. जर्मन सुपरमार्केटात नेमकं हेच मिळत नाही. बाकी जवळजवळ सगळं मिळतं, फक्त वेगळ्या नावानं, वेगळ्या कपाटात, आणि पुष्कळदा वेगळ्याच कामासाठी विकायला ठेवलेलं.

पैशांचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. 2024 च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम वर्षाला 11,904 युरो झाली, म्हणजे महिन्याला हातात 992. त्यातून खोलीचं भाडं आणि विद्यार्थ्याचा आरोग्यविमा गेला की उरलेल्यात जेवण, फोन, पुस्तकं आणि कधीतरी कापलेले केस. विद्यापीठाच्या भोजनालयात, ज्याला सगळे मेन्झा म्हणतात, दुपारी तीन-चार युरोत पोट भरतं. ते खुशाल खावं. प्रश्न रात्रीचा असतो आणि रविवारचा. रविवारी जर्मनीत जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी जे घरात असेल त्यावर सोमवारपर्यंत निभवायचं. एकदा या बंदीचा अंदाज आला की माणूस आपोआप शनिवारी डाळ-तांदूळ मोजायला लागतो.

दुकानात शिरल्यावर आधी किमतीची पट्टी वाचायला शिकावं. मोठ्या अक्षरांत पाकिटाची किंमत असते, तिच्याखाली बारीक अक्षरांत किलोची किंवा लिटरची किंमत छापणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे. डाळ, तांदूळ, मसाले यांत फसवणूक नसते, पण पाकिटांचे आकार फसवे असतात. काचेच्या सुबक बरणीतले चाळीस ग्रॅम जिरे आणि खालच्या फळीवरचं साधं पाकीट यांचा किलोचा भाव शेजारी शेजारी वाचला की कुठलं उचलायचं ते सांगावं लागत नाही. स्वस्त माल बहुधा सगळ्यात खालच्या फळीवर असतो. वाकायची तयारी हवी.

मसाल्याच्या कपाटात एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकजण एकदा पडतो. जर्मन स्वयंपाकात क्युमेल नावाचं बी घरोघरी असतं: कोबीत, राईच्या पावात, डुकराच्या भाजलेल्या मांसावर. दिसायला ते जिऱ्याच्या अगदी जवळचं, आणि पाकिटावरचं चित्रही तसंच. पण ते जिरं नव्हे. आपलं जिरं तिथं क्रॉइत्सक्युमेल या नावानं मिळतं, पुढचा 'क्रॉइत्स' वाचायचा राहिला की फोडणीला बेकरीचा वास येतो. पाकीट न फोडता ओळखायचं तर दाण्याकडे बघावं. क्युमेलचा दाणा गडद, बारीक आणि चंद्रकोरीसारखा वाकलेला असतो. जिऱ्याचा दाणा फिकट, सरळ आणि थोडा जाड. चुकून क्युमेल आलंच तर टाकू नये. कोबीच्या भाजीत पाव चमचा घातलं तर ते जिऱ्याचं काम करत नाही, पण भाजी वाईटही लागत नाही. वरणात मात्र घालू नये.

स्वस्त साखळी दुकानांत जिरं पुष्कळदा फक्त कुटलेलं मिळतं. फोडणीच्या कडकडीत तेलात ते पडलं की दोन सेकंदांत जळून कडू होतं. तेव्हा कुटलेलं जिरं फोडणीत टाकूच नये, पातेलं उतरवून वरून भुरभुरावं. मोहरीचं तसंच. तिथं लोणच्याच्या साहित्यात जी मिळते ती पिवळी, मोठ्या दाण्याची मोहरी. ती तडतडते पण मनापासून नाही, आणि तेलाला आपल्या काळ्या मोहरीचा झणका देत नाही. बॅगेतलं पाकीट यासाठीच.

आता वरण. तुरीच्या डाळीला कुकर लागतो किंवा पाऊण तास लागतो, आणि सामायिक स्वयंपाकघरात पाऊण तास एक शेगडी अडवून ठेवणं म्हणजे मजल्यावरच्या अकरा जणांशी संबंध बिघडवणं. त्याऐवजी तिथल्या दुकानात लाल मसूर मिळते, रोटे लिन्झेन. ही सालं काढलेली मसूर, आपल्याकडच्या मसूर डाळीचीच बहीण. सालं नसल्यानं पाणी लगेच आत शिरतं आणि दहा ते पंधरा मिनिटांत दाणा मोडतो. भिजवायचीही गरज नाही.

चार ताटांसाठी दोनशे ग्रॅम मसूर घ्यावी, म्हणजे साधारण एक मोठा कॉफीचा मग. पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत दोन-तीनदा धुवावी. पाऊण लिटर पाणी, अर्धा चमचा हळद आणि चमचाभर तेल घालून उकळी आणावी. उकळी येताना वर पांढरट फेस चढतो. तो चमच्यानं काढला नाही तर पातेल्याबाहेर येतो आणि काचेच्या गरम शेगडीवर जळून चिकटतो. फेस काढल्यावर आच मध्यम करून झाकण तिरकं ठेवावं. बाराव्या मिनिटाच्या सुमारास नारिंगी रंग पिवळा होतो. रंग बदलला की डाळ झाली असं समजायला हरकत नाही, पण पिवळी होऊनही दाणा अख्खा दिसत असेल तर आणखी पाच मिनिटं द्यावीत. मग चमच्याच्या पाठीनं पातेल्याच्या कडेला घोटावं. रवी लागत नाही.

इथं एक नियम कडकपणे पाळायचा: डाळ मऊ झाल्याशिवाय टोमॅटो, लिंबू, काहीही आंबट घालायचं नाही. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्यानं धरून ठेवलेल्या असतात. आंबटपणात हे पेक्टिन विरघळायचं नाकारतं, आणि डाळ अर्धा तास उकळूनही खडबडीत राहते. कॅल्शियमही हेच करतं, आणि म्युनिक किंवा वुर्झबर्गसारख्या शहरांत नळाचं पाणी जड असतं. चहाच्या किटलीत पांढरा थर साचतो तो याच कॅल्शियमचा. मसुरीला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण छोले आणि राजमा तिथं तासन्‌तास शिजत नाहीत. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की फरक पडतो. सोडा घेताना नात्रॉन लिहिलेलं पाकीट घ्यावं. त्याच्याच शेजारी बेकिंग पावडर असते, तिच्यात सोड्यासोबत आंबट क्षारही मिसळलेला असतो, त्यामुळे तिनं काम होत नाही. खरं तर छोल्यांसाठी एवढं करू नये. उकडलेल्या छोल्यांचा डबा त्या दुकानात इतका स्वस्त असतो की विजेचा आणि वेळेचा हिशेब केला तर डबाच परवडतो.

मसुरीचं वरण तुरीसारखं गोडसर लागत नाही, त्याला थोडी मातकट चव असते. हे लपवायचं तीन गोष्टींनी: हिंग नेहमीपेक्षा जरा जास्त, साखर पाव चमचा, आणि ताटात वाढताना वर तूप. एवढं केलं की गोडं वरण म्हणून ते खपतं. तुरीचं आहे असं कुणी समजणार नाही, पण भाताबरोबर दुसऱ्यांदा मागून घेतलं जाईल.

भाताचं कोडं उलटं आहे. जर्मन सुपरमार्केटात तांदूळ भरपूर, पण बहुतेक उकडा, लांब दाण्याचा, शिजल्यावर सुटा सुटा राहणारा. त्यातला काही तर सच्छिद्र पिशवीत बांधून येतो, पिशवीसकट पाण्यात टाकायचा. असला भात वरणाला दाद देत नाही, वरण खाली आणि भात वर असं होतं. याऐवजी गोड पदार्थांच्या कपाटात, पुडिंगच्या पाकिटांजवळ, मिल्शराइस बघावा. दुधात शिजवून साखर-दालचिनी घालून खायचा तिथला तांदूळ. आखूड, गोल, चिकट. अर्धा किलोचं पाकीट एक-सव्वा युरोला मिळतं. आंबेमोहराचा वास त्याला नाही, इंद्रायणीची गोडीही पूर्ण नाही, पण गुरगुट्या भात होतो आणि वरण त्यात मुरतं. एकदा धुवून, एक वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी, उकळी आली की अगदी मंद आच, झाकण, अठरा ते वीस मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही, ढवळलं की खीर होते.

चार जणांचं हे वरण-भात, कांदा-लसूण-फोडणीसकट, दोन युरोंच्या आसपास जातं. म्हणजे ताटाला अर्धा युरो. मेन्झातली सगळ्यात स्वस्त थाळीही सहसा याच्या कितीतरी वर असते.

शिजवलेला भात मात्र शेगडीवर तसाच ठेवून झोपायला जाऊ नये. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते दुसऱ्या दिवशी भात पुन्हा तापवूनही जात नाही. उरलेला भात ताटलीत पसरावा, तासाभरात गार करावा, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतोच.

आता ज्या गोष्टीवर सगळी चव उभी आहे ती: फोडणी. वसतिगृहात गॅस नसतो. सपाट काळ्या काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर गोल बुडाची लोखंडी कढई डुगडुगते आणि तापतही नाही, म्हणून सपाट, जाड बुडाचं लहान पातेलं घ्यावं. ही शेगडी तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलीच राहते. गॅसवर हात बसलेल्या माणसाची फोडणी इथं हमखास जळते, कारण बटण फिरवलं म्हणजे आच गेली असं त्याला वाटतं. आच जात नाही. पातेलं उचलावं लागतं.

पद्धत अशी. शेगडीवर नऊपर्यंत आकडे असतील तर सातवर ठेवावी. पातेल्यात दोन मोठे चमचे तेल. जर्मनीत सगळ्यात स्वस्त तेल राप्सचं, ते मोहरीच्याच कुळातलं, पण साफ केलेलं असल्यानं त्याला वास नसतो आणि फोडणीला ते उत्तम चालतं. बाटलीवर 'काल्टगेप्रेस्ट' लिहिलेलं मात्र घेऊ नये. ते घाण्याचं तेल, महाग असतं आणि फोडणीच्या तापाला लवकर धूर सोडतं. तेलात मोहरीचे दोन दाणे टाकून ठेवावेत. ते तडतडले की बाकीची मोहरी घालून झाकण अर्धं धरावं. तडतडणं ओसरायला लागताच पातेलं शेजारच्या थंड शेगडीवर सरकवावं. आता उरलेली सगळी कामं त्या तेलाच्या स्वतःच्या उष्णतेवर: जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, आणि सगळ्यात शेवटी हळद-तिखट. तिखट तिथलं घ्यायचं तर पाप्रिकाचे दोन प्रकार मिळतात. 'एडेलझ्युस' म्हणजे फक्त रंग, तिखटपणा नाही. 'रोझेनशार्फ' थोडी तिखट. बेडगीचा रंग आणि लवंगीचा ठसका दोन्ही हवे असतील तर पहिली दोन भाग आणि लाल केयेन मिरचीची पूड एक भाग, असं मिसळून एका बरणीत ठेवावं.

धुराचा प्रश्न वेगळा सांगायला हवा, कारण इथं चवीपेक्षा पैसे जास्त जातात. बऱ्याच वसतिगृहांत स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं आणि बाहेरच्या बोळात धूर ओळखणारं. कुणाची फोडणी जरा जास्त तापली, धूर झाला, की माणूस घाबरून स्वयंपाकघराचं दार उघडतो, आणि धूर सरळ बोळातल्या यंत्राखाली जातो. शिट्टी वाजते, सगळे कोट घालून खाली उभे राहतात, आणि काही ठिकाणी यंत्र अग्निशमन दलाला थेट जोडलेलं असल्यामुळे गाडीही येते. तिचं बिल ज्यानं धूर केला त्याला येऊ शकतं. म्हणून फोडणीच्या आधी खिडकी उघडायची, दार बंद ठेवायचं, आणि झाकण हातात तयार ठेवायचं. मिरची फोडणीत टाकण्याऐवजी वरणात उकळून घेतली तर ठसकाही वाचतो. ठसक्यानं खोकणारा शेजारी तक्रार करत नाही, पण आपला पदार्थ शिजताना स्वयंपाकघरात येणंच बंद करतो. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावरून लगेच पुसावेत. सुकल्यावर ते निघत नाहीत आणि कोणी लावले याबद्दल कुणालाच शंका राहत नाही.

एकदा हे जमलं की आठवड्याचा हिशेब सोपा होतो. शनिवारी मोठ्या पातेल्यात चारशे-पाचशे ग्रॅम मसूर फक्त हळद-मीठ घालून शिजवायची, आणि थंड करून दोन-तीन डब्यांत भरायची. एक डबा फ्रीजमध्ये, बाकीचे सामायिक फ्रीजरच्या आपल्या कप्प्यात, नाव आणि तारीख लिहून. रोज त्यातलं थोडं घ्यायचं आणि त्यावर फोडणी वेगळी द्यायची. पहिल्या दिवशी गोडं वरण, दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी, तिसऱ्या दिवशी आमटी. शेगडी दहा मिनिटांपेक्षा जास्त अडत नाही.

आमटीत चिंच आणि गूळ लागतो, आणि तिथंच जर्मन दुकान आपल्याला चकित करतं. पावाला लावायच्या मध-जॅमच्या कपाटात साखरबिटाच्या घट्ट, काळपट पाकाचं डबडं मिळतं, त्सुकररूबेनझिरुप. राइनलँडमध्ये ते पावावर माखून आणि बटाट्याच्या तळलेल्या पॅनकेकवर ओतून खातात. चाखलं की कोल्हापूरकर माणसाला काकवी आठवते. उसाची नाही, बिटाची, थोडी जास्त उग्र, पण आमटीला अर्धा चमचा घातली तर गुळाची जागा ती नुसत्या साखरेपेक्षा कितीतरी चांगली भरते. आंबटपणासाठी लिंबू नेहमीचं. पण एप्रिल ते जून या काळात रूबार्बचे लालसर देठ सगळीकडे आणि स्वस्त मिळतात. हाताएवढा एक देठ बारीक चिरून शिजलेल्या डाळीत उकळला की तो पूर्ण विरघळतो आणि आंबटपणा चिंचेसारखा, मागून येणारा लागतो. फक्त देठ वापरायचा, पानं नाही. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल खूप असतं आणि ती विषारी मानली जातात. ज्यांना मूतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांनी देठही बेतानंच घ्यावा.

शिजवलेल्या मसुरीला चमचाभर गोडा मसाला, रूबार्ब किंवा लिंबू, अर्धा चमचा बिटाची काकवी, वर सुक्या खोबऱ्याऐवजी कोकोसरास्पेल, म्हणजे केक-बिस्किटांसाठी मिळणारा नारळाचा वाळलेला कीस. हा कीस आधी कोरडाच भाजून घेतला तर तेलकट खमंगपणा येतो. न भाजता घातला तर आमटीत भुसा पडल्यासारखा लागतो.

तूप तिथं विकत मिळतं, बुटरश्माल्त्स या नावानं, आणि नवखा माणूस तेच घेतो. ते शुद्ध असतं, पण त्याला वास नसतो. कारण सोपं आहे. आपल्याकडे सायीला विरजण लावून, ताक करून लोणी निघतं, म्हणजे लोण्यात आधीच आंबूस सुगंध असतो, आणि कढवताना तळाशी बेरी लाल होते तेव्हा दुसरा सुगंध येतो. कारखान्यातल्या त्या तुपात हे दोन्ही टप्पे नसतात. पण जर्मन लोण्याच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत त्याचा प्रकार छापलेला असतो: गोड सायीचं, आंबवलेल्या सायीचं, किंवा 'मिल्डगेझॉयर्ट', सौम्य आंबवलेलं. स्वस्त लोणी बहुधा शेवटच्या प्रकारचं असतं, आणि तेच आपल्या उपयोगाचं.

अडीचशे ग्रॅमच्या दोन वड्या जाड पातेल्यात मध्यम आचेवर ठेवाव्यात. आधी फेस येतो आणि पाणी उडत असल्याचा बारीक तडतड आवाज होतो. आवाज थांबला म्हणजे पाणी गेलं. यानंतरची तीन-चार मिनिटं तिथून हलायचं नाही. तळाशी पांढरे कण आधी बदामी, मग तांबूस होतात. तांबूस झाले की पातेलं उचलून खाली ओल्या फडक्यावर ठेवावं, नाहीतर काचेची शेगडी बेरी काळी करते. लोण्यात स्निग्धांश किमान 82 टक्के असतो, त्यामुळे अर्धा किलो लोण्याचं चारशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. बरणीत गाळून घेतलं, ओला चमचा घातला नाही, तर फ्रीजबाहेर महिनाभर छान राहतं. बेरी पावावर साखर टाकून खायची असते, हे जर्मन शेजाऱ्यांना एकदा दाखवलं की पुढच्या वेळी ती उरत नाही.

अख्ख्या मसुरीबद्दल एक परिच्छेद तरी हवाच. सांगली-कराडच्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर जो अख्खा मसूर मिळतो, त्याला लागणारा दाणा तिथं बेर्गलिन्झेन नावानं मिळतो: बारीक, तपकिरी, सालीसकट. तो पंचवीस-तीस मिनिटं घेतो आणि मोडत नाही. कांदा अगदी तांबूस होईपर्यंत परतायचा, आलं-लसूण, मग गाळलेल्या टोमॅटोचा रस, तेल सुटेपर्यंत. तो मसाला आधी करून ठेवायचा आणि शिजलेला मसूर नंतर त्यात. उलट केलं तर टोमॅटोच्या आंबटपणानं दाणा कडकच राहतो, कारण वर सांगितलं तेच.

पोळीच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. जर्मन पिठावर एक आकडा असतो, 405, 550, 1050. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा, म्हणजे जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 केकचं पीठ, त्याची पोळी वातड होते. आपल्या कणकेच्या सगळ्यात जवळ 1050 किंवा 550 आणि सालासकट पिठाचं निम्मं-निम्मं मिश्रण. आपली चक्कीची कणीक दळताना जास्त चिरडली जाते म्हणून पाणी पुष्कळ पिते. तिथलं पीठ कमी पितं, त्यामुळे पाणी नेहमीच्या अंदाजानं ओतलं की चिकचिक होते. पाणी कमी घ्यावं, निम्मं गरम घ्यावं, आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. लाटायला रिकामी बाटली चालते. ज्वाळ नाही, तेव्हा फुगवायला तव्यावरच फडक्यानं दाबावं. ती पोळी गरम असेपर्यंत चांगली, डब्यात नेण्याजोगी नाही.

पिठलं मात्र निश्चिंत करावं. किखरएर्ब्सेनमेल म्हणजे छोल्यांचं पीठ, ते सेंद्रिय मालाच्या फळीवर मिळतं. आपल्या हरभऱ्याच्या डाळीच्या बेसनापेक्षा ते थोडं कडसर असतं. दोन मिनिटं कोरडं भाजून घेतलं तर कडसरपणा जातो, आणि घट्ट लवकर होतं म्हणून पाणी जरा जास्त ठेवावं. उपम्यासाठी रवा घेताना 'हार्टवाइत्सेन' लिहिलेला, पिवळसर दिसणारा घ्यावा. पांढरा मऊ गव्हाचा रवा त्यांच्या गोड लापशीसाठी असतो, त्याचा शिरा सुरेख होतो पण उपमा गोळा होतो.

शेवटी श्रीखंड, कारण तिथं ते घरच्यापेक्षा सोपं आहे. क्वार्क नावाचं पांढरं, दाट दही अर्ध्या किलोच्या डब्यात सगळीकडे मिळतं. तो जवळजवळ चक्काच: दुधाला जिवाणूंचं विरजण आणि किंचित रेनेट लावून, पाणी काढून टाकलेलं. डब्यावर 40 टक्के स्निग्धांश लिहिलेला घ्यावा. हा आकडा पाणी वजा करून मोजलेला असतो, डब्यात प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी स्निग्धांश असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. बिनसायीच्या मागरक्वार्कचं श्रीखंड कोरडं आणि आंबट होतं.

चाळणीवर कॉफी गाळायचे दोन-तीन कागद पसरून क्वार्क त्यात घालावं, खाली वाडगा, वर ताटली, आणि रात्रभर फ्रीजमध्ये आपल्या कप्प्यात. सकाळी वाडग्यात पाणी जमलेलं असतं. ते कढीत किंवा पिठात वापरावं. पाचशे ग्रॅमचं साधारण चारशे उरतं, त्याला दोनशे ग्रॅम पिठीसाखर आधी घालून चव बघावी, आंबटपणाप्रमाणे आणखी पन्नास. साखर पडली की मिश्रण आधी सैल होतं, तेव्हा घाबरून आणखी गाळू नये, दोन तासांत ते परत धरतं. वेलदोडा कुटलेला मिळतो, हिवाळ्यात नाताळच्या मसाल्यांसोबत सहज. केशर दोन काड्या गरम दुधात. चार दिवसांत संपवावं, आणि डब्यावर नाव लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी निम्मंच सापडेल या हिशेबानं करावं.